नव्या शिक्षकांना वर्गाकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा : कार्ड कसं लिहावं

शिक्षक वर्षानुवर्षं शिकवत असतील तर कार्ड लिहिणं सोपं जातं. आठवणी असतात, त्यांचा स्वभाव माहीत असतो, काय लिहिलं तर त्यांना आवडेल याचा अंदाज असतो. शिक्षक शाळेत नुकतेच रुजू झाले असतील तर यातलं काहीच हाताशी नसतं. मग वर्ग एक तर ‘हार्दिक शुभेच्छा’ एवढंच लिहून मोकळा होतो, नाहीतर जवळीक दाखवण्याच्या भरात नको तेवढं लिहितो. वर्गप्रतिनिधी असताना अशी कार्डं मी लिहिली आहेत, नंतर धाकट्या वर्गांना लिहायला मदतही केली आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: नव्या शिक्षकांबद्दल आपल्याला फक्त त्यांचा तास माहीत असतो, तेव्हा कार्डातही तासातलंच लिहावं. तासात पाहिलेली एक खरी गोष्ट लिहिली की माया आपोआप येते, आणि तासाच्या बाहेर गेलं नाही की अंतरही आपोआप राहतं.

खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत ज्या क्रमाने काम होतं. हाताशी चार-पाच दिवस असले तर निवांत जमतं.

लागणारं सामान

- हजेरीपटाप्रमाणे वर्गाची यादी
- छोट्या कोऱ्या चिठ्ठ्या, प्रत्येकाला एक
- ए४ आकाराचा जाड, चकचकीत नसलेला कागद, आणि चुकला तर दुसरा
- एकाच रंगाची दोन-तीन पेनं, पेन्सिल, पट्टी, खोडरबर
- कागद मावेल असं पाकीट

वर्गणी काढू नका. भेटवस्तू आली की कुणी दिले, कुणी नाही दिले हा हिशेब येतो, आणि नव्या शिक्षकांना ती घ्यावी की नाही हा पेच पडतो. कित्येक शाळांत शिक्षकांनी भेट घेऊ नये असा नियमही असतो. कागदाच्या कार्डाने कुणालाच अवघडायला होत नाही.

१. तारीख कुठून कळली ते आधी पाहा

शिक्षकांनी बोलता बोलता स्वतः सांगितली असेल, किंवा शाळेच्या फळ्यावर शिक्षकांचे वाढदिवस लागत असतील, तर प्रश्नच नाही. पण कुणीतरी मोबाइलवर त्यांचं खातं शोधून तारीख काढली असेल तर तिथेच थांबा. नव्या शिक्षकांना पहिला प्रश्न हाच पडतो की मुलांना हे कळलं कसं. उत्तर ‘तुमचं खातं पाहिलं’ असं असेल तर कार्डातले शब्द कितीही चांगले असले तरी त्यांच्या मनात तेच राहतं.

अशा वेळी वर्गशिक्षकांना विचारा: ‘नव्या मॅडमना आम्ही वर्गाकडून कार्ड दिलं तर चालेल का?’ नवे शिक्षकच तुमचे वर्गशिक्षक असतील तर पर्यवेक्षकांना विचारा. या एका प्रश्नाने तीन गोष्टी कळतात. तारीख बरोबर आहे का, शाळेचा काही नियम आहे का, आणि त्या शिक्षकांना वाढदिवस साजरा केलेला आवडतो का. काही जण करत नाहीत. कुणाच्या घरी नुकतंच दुःख झालेलं असतं. ते आपल्याला कळायचा दुसरा मार्ग नाही आणि कारण विचारायचंही कारण नाही. ‘यंदा नको’ असं उत्तर आलं तर तिथे विषय संपला.

२. चिठ्ठ्या गोळा करा, पण प्रश्न नेमका विचारा

‘मॅडमबद्दल दोन शब्द लिहा’ असं सांगितलंत तर सगळ्या चिठ्ठ्यांवर ‘मॅडम खूप छान शिकवतात’ हेच येईल. त्याऐवजी असं विचारा: ‘मॅडमच्या तासाला त्या करतात अशी एक गोष्ट लिही, जी तू स्वतः पाहिली आहेस.’ ‘छान’, ‘प्रेमळ’, ‘बेस्ट’ असे शब्द वापरायचे नाहीत हेही आधीच सांगा. नाव लिहायची गरज नाही, म्हणजे मागच्या बाकावरची मुलंही मोकळेपणाने लिहितात, आणि बहुतेक वेळा कामाची चिठ्ठी तिथूनच येते.

लिहिणारे मात्र दोघं-तिघंच असू द्या. चाळीस जणांनी मिळून मजकूर ठरवायचा म्हटलं की प्रत्येकाचं एकेक वाक्य आत घ्यावं लागतं आणि कार्डाची यादी होते.

३. चाळणी लावा

एक उदाहरण धरून चालू. नववीचा वर्ग आहे. गणिताच्या मॅडम वर्षाच्या मध्येच आल्या आहेत. आधीचे सर सगळ्यांचे लाडके होते. चिठ्ठ्यांमध्ये हे आलं:

- मॅडमचा आवाज गोड आहे.
- आधीच्या सरांपेक्षा जास्त समजतं.
- मॅडम फळ्याचा उजवा कोपरा शंकांसाठी मोकळा ठेवतात.
- मॅडम कधी ओरडत नाहीत, म्हणून आवडतात.
- उत्तर चुकलं तर मॅडम खोडायला सांगत नाहीत, ‘कुठपर्यंत बरोबर आहे?’ असं विचारतात.
- मॅडमच्या साड्या छान असतात.
- मॅडम आमच्या दुसऱ्या आई आहेत.

आवाज आणि साड्या आधी बाजूला काढा. आवाज, कपडे, केस, हसू, वय, लग्न, घर यातलं काहीही कार्डात नको, कौतुक म्हणूनसुद्धा नको. मैत्रिणीला लिहायला ते ठीक आहे, पण वर्गाने शिक्षकांकडे निरखून पाहिल्यासारखं ते वाचताना वाटतं. शिक्षक तरुण असतील तर ही काळजी दुप्पट घ्या.

आधीच्या सरांशी तुलनाही नको. हे कार्ड शिक्षकांच्या खोलीत टेबलावर राहणार आहे आणि इतर शिक्षक ते उघडून वाचणार आहेत. त्यात आधीचे सरही असू शकतात, किंवा त्यांचे वर्षानुवर्षांचे सहकारी. एका वाक्याने मॅडमना सगळ्यांसमोर संकोच वाटेल. म्हणून प्रत्येक वाक्याला हीच कसोटी लावा: शिक्षकांच्या खोलीत कुणी ते मोठ्याने वाचलं तर मॅडमना अवघडल्यासारखं होईल का?

‘ओरडत नाहीत’ हे खरं असेल, पण उद्या त्यांना ओरडावं लागलं तर? कार्डाने त्यांचे हात बांधू नयेत. आणि ‘दुसऱ्या आई’ हे काही आठवड्यांच्या ओळखीवर कुणालाच खरं वाटणार नाही. वर्षांनी कधी कुणाला तसं वाटलं तर त्या वेळी म्हणावं.

उरल्या दोन चिठ्ठ्या: फळ्याचा कोपरा आणि ‘कुठपर्यंत बरोबर आहे?’. दोन्ही चांगल्या आहेत, कारण दुसऱ्या कुठल्याही शिक्षकांच्या कार्डात त्या बसणार नाहीत. दोन्ही घ्यायचा मोह होतो, पण एकच घ्या. एका गोष्टीला दोन वाक्यं मिळाली की ती पोचते. मी दुसरी निवडेन, कारण तिच्यात मॅडम काय करतात आणि त्याने वर्गात काय बदललं हे दोन्ही सांगता येतं.

४. मायना, आणि ‘तुम्ही’ की ‘आपण’

मायन्यात ‘प्रिय’ टाळा. ते बरोबरीच्यांना किंवा धाकट्यांना शोभतं. ‘आदरणीय मॅडम’ किंवा ‘आदरणीय सर’ पुरेसं आहे. तुमच्या शाळेत बाई किंवा ताई म्हणत असाल तर कार्डातही तेच लिहा. ‘माननीय’ म्हटलं की व्यासपीठावरचं भाषण सुरू झाल्यासारखं वाटतं.

आता ‘तुम्ही’ की ‘आपण’. वर्गात तुम्ही तोंडाने जे म्हणता तेच लिहा असं माझं मत आहे. रोज ‘मॅडम, तुम्ही उद्या चाचणी घेणार का?’ असं विचारणारा वर्ग कार्डात ‘आपणांस’ लिहितो तेव्हा मजकूर कुठून तरी उतरवलेला वाटतो. ‘तुम्ही’मध्ये आदर पुरेसा असतो.

‘आपण’ घ्यायचंच ठरवलं तर एक खाचखळगा आहे. मराठीत ‘आपण’ म्हणजे समोरची आदरणीय व्यक्ती, आणि ‘आपण’ म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे मिळूनसुद्धा. ‘आपल्या वर्गात आता गणिताची भीती राहिली नाही’ यात वर्ग कुणाचा, मॅडमचा की सगळ्यांचा, हे कळत नाही. म्हणून ‘आपण’ फक्त शिक्षकांसाठी ठेवा आणि स्वतःसाठी सगळीकडे ‘आम्ही’, ‘आमचा’ वापरा. आणि एकाच कार्डात ‘तुम्ही’ व ‘आपण’ मिसळू नका. तिघांनी मिळून लिहिलेल्या मसुद्यात हे हमखास होतं.

५. पहिला मसुदा लिहा आणि एकेक ओळ तपासा

वरच्या उदाहरणातल्या वर्गाने चाळणी न लावता लिहिलं असतं तर साधारण असं झालं असतं:

> प्रिय मॅडम,
> वाढदिवसाच्या हार्दीक शुभेच्छा!!! तुम्ही आलात आणि आमचं आयुष्यच बदललं. इतकं छान आम्हाला आजवर कुणीच शिकवलं नव्हतं. आपण नेहमी अशाच हसत राहा, आनंदी राहा. आम्ही तुम्हाला कधीच त्रास देणार नाही. आज गृहपाठ नको हं!
> तुमचेच लाडके, नववी ब

मनापासून लिहिलेलं आहे, यात शंका नाही. पण ओळीओळीने पाहू.

‘आयुष्यच बदललं’ हे काही आठवड्यांत होत नाही, आणि ते शिक्षकांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. ‘आजवर कुणीच’ म्हणजे तीच तुलना, मागच्या दाराने आलेली. ‘कधीच त्रास देणार नाही’ हे वचन पुढच्याच आठवड्यात मोडेल. वर्गाने आधी खरंच त्रास दिला असेल आणि माफी मागायची असेल तर ती वेगळी, समोर उभं राहून मागा. वाढदिवसाच्या कार्डात ती आली की शिक्षकांना त्या दिवशी लगेच माफ करणं भाग पडतं. गृहपाठाची विनंती गमतीने असते हे सगळ्यांना कळतं, पण नव्या शिक्षकांना ‘हो’ म्हणावं तरी पंचाईत आणि ‘नाही’ म्हणावं तरी पंचाईत.

सगळ्यात सहज निसटणारी ओळ म्हणजे ‘हसत राहा, आनंदी राहा’. ‘राहा’, ‘व्हा’, ‘जगा’ ही आज्ञेची रूपं आहेत. असे शब्द मोठी माणसं धाकट्यांना आशीर्वाद देताना म्हणतात. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना शुभेच्छा देताना इच्छेची रूपं शोभतात: ‘लाभो’, ‘जावो’, ‘मिळो’. ‘आनंदी राहा’ ऐवजी ‘तुम्हाला आनंद लाभो’ लिहिलं की अर्थ तोच राहतो आणि जागा बरोबर होते.

शेवटी ‘तुमचेच लाडके’ हे आपणच आपल्याला म्हणायचं नसतं. त्याच्या उलट टोकाला ‘आपले आज्ञाधारक विद्यार्थी’ आहे, पण ते रजेच्या अर्जाच्या तळाशी बरं दिसतं. ‘तुमचे विद्यार्थी’ आणि खाली इयत्ता-तुकडी, एवढं भरपूर झालं.

६. पक्का मजकूर

> आदरणीय मॅडम,
>
> वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.
>
> तुम्ही आम्हाला गणित शिकवू लागलात त्याला काही आठवडेच झाले आहेत. उत्तर चुकलं की आम्ही सगळं खोडून टाकायचो. आता आधी ‘कुठपर्यंत बरोबर आहे?’ ते शोधतो, आणि हा तुमचा प्रश्न एकमेकांनाही विचारतो.
>
> येणारं वर्ष तुम्हाला आरोग्याचं आणि समाधानाचं जावो.
>
> तुमचे विद्यार्थी,
> नववी ब

‘काही आठवडेच’ हे मुद्दाम ठेवलं आहे. ओळख नवी आहे हे वर्गाने स्वतःच कबूल केलं की पुढचं कौतुक खरं वाटतं. मग गोष्ट येते: आधी काय करायचो, आता काय करतो. त्यात मॅडमना एकही विशेषण लावलेलं नाही, तरी त्यांचं शिकवणं पोचलं आहे हे त्यांना कळतं, आणि नव्या जागी रुजू झालेल्या माणसाला हेच ऐकायचं असतं. तिसऱ्या भागात एकच शुभेच्छा आहे आणि ती कुणालाही द्यावी अशी साधी आहे. घर, संसार, मुलंबाळं यांबद्दल आपल्याला माहिती नसते, म्हणून तिकडच्या शुभेच्छा नकोत. ‘शतायुषी व्हा’सुद्धा नको. कदाचित नुकतीच पंचविशी गाठलेल्या शिक्षकांना ते वाचून कसंसंच होईल.

शिक्षकांचे शब्द अवतरणात घेताना ते त्यांनी नेहमी, सगळ्यांसमोर म्हटलेले असावेत. एकट्याला सांगितलेली गोष्ट, किंवा चिडून बोललेलं वाक्य, गमतीनेही घेऊ नका.

भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांना मजकूर एकदा दाखवा. नाहीच जमलं तर निदान या जागा तपासा: ‘हार्दिक’मधला ‘दि’ ऱ्हस्व, ‘विद्यार्थी’मधला शेवटचा ‘र्थी’ दीर्घ, ‘तुम्ही’चा ‘म्ही’ दीर्घ, आणि ‘आशीर्वाद’ लिहिलंच तर रफार ‘वा’वर. ‘झालं’ आणि ‘झाले’ यांपैकी एकच पद्धत शेवटपर्यंत ठेवा. उद्गारचिन्ह एक पुरे, नसलं तरी चालतं.

७. कागदावर उतरवणं आणि सह्या

ए४ कागद मधोमध दुमडला की आत १४८ बाय २१० मिलिमीटरची दोन पानं मिळतात. उजव्या पानावर मजकूर, डाव्या पानावर सह्या. मजकूर एकाच हस्ताक्षरात असू द्या. चाळीस-बेचाळीस जणांचा वर्ग असेल तर डाव्या पानावर पेन्सिलने दोन रकाने आखा आणि प्रत्येकात एकवीस ओळी मारा. वर-खाली थोडा समास सोडला तरी ओळ साधारण नऊ मिलिमीटरची होते. नाव लिहायला तेवढी पुरते, आणि नावाखेरीज काही लिहायला उरत नाही, जे आपल्याला हवंच आहे. शाई वाळली की रेघा खोडा. चकचकीत कागद नको म्हटलं ते यासाठीच, त्यावर शाई पसरते आणि पुढच्याच्या हाताला लागते.

सह्या हजेरीच्या क्रमाने घ्या. तसं केलं नाही तर आधी सही करणारे मोठ्या अक्षरांत लिहितात आणि शेवटच्या दहा जणांना कोपरे उरतात. नव्या शिक्षकांना अजून सगळी नावं पाठ नसतात, म्हणून गिचमिड सहीपेक्षा वाचता येईल असं पूर्ण नाव लिहायला सांगा. गैरहजर असलेल्यांची ओळ मोकळी सोडा, ते आले की लिहितील. कुणाला सही करायची नसेल तर आग्रह नको, आणि त्याच्या जागी दुसऱ्याने तर मुळीच करू नये.

नावाशेजारी हृदयं, टोपणनावं, ‘तुमची फॅन’ अशी शेपटं नकोत. हे आधीच सांगून ठेवा, कारण एकाने काढलं की पुढचे दहा जण काढतात आणि कार्ड पुन्हा करावं लागतं. दुसरा कागद सामानात घेतला आहे तो याचसाठी.

८. कार्ड देणं

तास सुरू होताना द्यावं की संपताना? संपताना. सुरुवातीला दिलं तर तास विस्कटतो, आणि नव्या शिक्षकांना वर्ग पुन्हा ताळ्यावर आणणं जड जातं. तास संपायला दोन मिनिटं असताना वर्गप्रतिनिधीने उभं राहून ‘मॅडम, आज तुमचा वाढदिवस आहे असं कळलं. वर्गाकडून हे कार्ड’ एवढं म्हणावं आणि पाकीट टेबलावर ठेवावं. ‘आत्ताच उघडा’, ‘मोठ्याने वाचा’, ‘दोन शब्द बोला’ असं काही म्हणू नये. काही जण तिथेच उघडतात, काही जण घरी नेतात. चेहऱ्याकडे मोबाइल रोखून त्यांची प्रतिक्रिया टिपू नका, आणि कार्डाचा फोटो कुठेही टाकू नका. ते आता त्यांचं आहे.

त्या दिवशी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी द्या. आदल्या दिवशी नको. उशिराचं कार्ड चालतं, फक्त मजकुरात उशीर झाल्याबद्दल लांबलचक खुलासा घालू नका.

मोबाइलवरून संदेश पाठवायची वेळ आलीच, म्हणजे समजा शाळेला मोठी सुट्टी लागली आहे, तर शाळेने सुरू केलेल्या गटातच पाठवा आणि वर्गाच्या वतीने एकानेच पाठवा. दिवसा पाठवा, रात्री बाराच्या ठोक्याला नाही. त्याखाली चाळीस जणांनी केक आणि फुगे पाठवू नयेत, नाहीतर शिक्षकांना प्रत्येकाला उत्तर द्यावं लागल्यासारखं होतं. त्यांच्या खासगी क्रमांकावर एकेकट्याने शुभेच्छा पाठवणं मात्र टाळाच, क्रमांक माहीत असला तरी. वर्ग म्हणून बोलण्यात जे अंतर सहज सांभाळलं जातं, ते तिथे राहत नाही.

दुसऱ्या दिवशी शिक्षक कार्डाबद्दल काही बोलले तर ‘धन्यवाद’ म्हणा आणि वही उघडा. काहीच बोलले नाहीत तर ‘मॅडम, कार्ड आवडलं का?’ असं विचारू नका. वर्गप्रतिनिधीने फक्त दोन कामं करावीत: उरलेल्या चिठ्ठ्या फाडून टाकाव्यात, कारण त्यांत साड्या आणि आवाजही आहेत, आणि वर्गशिक्षकांना कार्ड दिल्याचं सांगावं.